बंगाली, देवनागरी आणि इंग्रजी आकडे: तारीख-रक्कम न बिघडवता रूपांतर

प्रश्न: «आमच्याकडे पश्चिम बंगालमधले नोंदणीकृत दस्त आणि इथले सातबारा, फेरफार असे दोन्ही येतात, बरेचसे स्कॅन करून ओसीआर केलेले. सगळ्यांची मिळून इंग्रजी आकड्यांत एक एक्सेल यादी करायची आणि शेवटी मराठी अहवाल देवनागरी आकड्यांत द्यायचा, असं काम आहे. एक्सेलमध्येच फाइंड-रिप्लेसने दहाही अंक बदलले तर काही तारखा उलटतात, काही गट क्रमांकांच्या तारखा होतात आणि रकमांची बेरीज जुळत नाही. खात्रीशीर स्क्रिप्ट मिळेल का?»

स्क्रिप्ट मिळेल, खाली दिली आहे, आणि ती आठ-दहा ओळींचीच आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही अंक चुकीचा बदलल्यामुळे झालेली नाही. अंक बरोबर बदलले म्हणूनच दोन तक्रारी उद्भवल्या. `१२/३` असं देवनागरीत लिहिलेलं असतं तेव्हा एक्सेल सहसा त्याच्याकडे मजकूर म्हणून बघतं आणि हात लावत नाही. तेच `12/3` झालं की एक्सेलला ती तारीख वाटते आणि तुम्हाला न विचारता १२ मार्च होऊन बसते. फाइंड-रिप्लेसमध्ये प्रत्येक बदलानंतर खान्यातला मजकूर नव्याने टाइप केल्यासारखा वाचला जातो, म्हणून हे घडतं. देवनागरी आणि बंगाली अंक तुमच्या माहितीला नकळत एक संरक्षण देत होते. ते काढण्याआधी कुठल्या रकान्यात काय आहे हे ठरवावं लागतं.

मी दस्तऐवजांचा अनुवाद आणि त्यातल्या नोंदींचं शुद्धीकरण हेच काम बरीच वर्षं करतो आहे. माझी पद्धत अशी की प्रत्येक आकड्यासाठी तीन रकाने ठेवायचे. पहिल्यात मूळ, कागदावर जसं आहे तसं, त्याच लिपीत. दुसऱ्यात वाचन, म्हणजे तेच अंक इंग्रजी रूपात, पण अजून मजकूर म्हणूनच: स्वल्पविराम, तिरकी रेघ, सुरुवातीची शून्यं सगळं जागच्या जागी. तिसऱ्यात अर्थ: तारीख असेल तर तारीख, रक्कम असेल तर संख्या, आणि गट क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक असेल तर हा रकाना रिकामा, कारण त्यांना संख्या म्हणून काही अर्थच नसतो. लोक पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि मग चूक कुठल्या पायरीवर झाली हे शोधायला काही उरत नाही.

आधी तपासा, मग बदला

युनिकोडमध्ये देवनागरी अंक `U+0966` ते `U+096F` आणि बंगाली अंक `U+09E6` ते `U+09EF` या जागी आहेत. असमिया दस्तांतही हेच बंगाली अंक असतात. क्रम सरळ असल्यामुळे एकास एक बदल बिनचूक होतो. म्हणजे यंत्र ৪ ला कधीही आठ म्हणणार नाही. माणूस मात्र म्हणतो आणि ओसीआरही म्हणतं.

बंगाली ৪ म्हणजे चार, पण दिसतो हुबेहूब इंग्रजी 8 सारखा. बंगाली ৭ म्हणजे सात, तो 9 सारखा दिसतो. आपल्याकडेही देवनागरी १ पुसट झाला की 9 वाटतो आणि ४ चा 8 होतो. शून्य तर तिन्हीकडे गोलच. मराठी माणूस बंगाली दस्त हाताने टाइप करतो तेव्हा ৪,৭৫,০০০ चे सहज 8,95,000 होतात. चार लाख पंच्याहत्तर हजारांचे आठ लाख पंच्याण्णव हजार, आणि टाइप करणाऱ्याला शंकाही येत नाही, कारण दोन्ही रकमा जमिनीच्या व्यवहारात शोभतात.

ओसीआरची चूक जरा वेगळी असते आणि पकडायला सोपी असते, बशर्ते तुम्ही घाई केली नाहीत तर. ते बहुधा सगळी रक्कम चुकवत नाही, एखादाच अंक दुसऱ्या लिपीतला समजतं. वरच्या रकमेचं ओसीआर `8,৭৫,০০০` असं येतं. पहिला अंक इंग्रजी, बाकीचे बंगाली. एकाच आकड्यात दोन लिप्यांचे अंक येणं हा जवळजवळ नेहमीच चुकीचा पुरावा असतो. आता तुम्ही आधीच रूपांतर चालवलंत तर हाती येतं `8,75,000`. स्वच्छ, एकसारखं आणि चुकीचं. पुरावा रूपांतरानेच नष्ट केला.

म्हणून मिश्र लिपीची तपासणी रूपांतराच्या आधी झाली पाहिजे. पायथनमध्ये इतकं पुरतं:

```python
import re
DEV, BEN, WES = '०१२३४५६७८९', '০১২৩৪৫৬৭৮৯', '0123456789'
T = str.maketrans(DEV + BEN, WES * 2)

def mishra(s):
    return sum(bool(set(s) & set(x)) for x in (DEV, BEN, WES)) > 1

def tapas(line):
    return [n for n in re.findall(r'\d[\d,./-]*', line) if mishra(n)]

vachan = lambda s: s.translate(T)
```

`tapas` ज्या ओळींत काही परत देईल त्या ओळी बाजूला काढा आणि मूळ स्कॅनशी माणसाने ताडून बघा. उरलेल्यांवरच `vachan` चालवा. पायथनचं `\d` तिन्ही लिप्यांचे अंक ओळखतं, म्हणून इथे चालतं. जावास्क्रिप्टमध्ये `\d` फक्त इंग्रजी अंक ओळखतं, तिथे हाच नियम जसाच्या तसा उचलला तर काहीच सापडणार नाही आणि सगळं आलबेल आहे असं वाटेल.

आणखी एक सापळा पायथनमध्येच आहे. `int('8৭৫')` लिहिलंत तर तो कुरकुर न करता 875 देतो. तिन्ही लिप्यांची खिचडी त्याला चालते. त्यामुळे «पायथनने संख्या म्हणून स्वीकारलं» ही तपासणी समजू नका.

मिश्र नसलेला पण चुकीचा आकडा या चाळणीतून सुटतो, हे लक्षात ठेवा. सुटा लिहिलेला एक आकडी भाग, दिवस किंवा हिस्सा क्रमांक, ओसीआरने पूर्णच इंग्रजी समजला तर त्यात मिश्रण दिसणार नाही. त्यासाठी मी दस्ताच्या पातळीवर बघतो: सगळा दस्त बंगाली अंकांत आहे आणि मध्येच कुठे एकटा 8 किंवा 9 इंग्रजीत आला, तर तोही तपासायच्या यादीत टाकतो. हाताने टाइप केलेल्या नोंदींत तर लिपीचा पुरावाच नसतो. तिथे अक्षरी रक्कम हा एकच खरा आधार. बंगाली दस्तात ती असतेच: «चार लक्ष पँचात्तर हाजार टाका». बंगालीतले शंभरपर्यंतचे संख्यावाचक शब्द कागदावर लिहून टेबलावर ठेवा, मराठीच्या इतके जवळचे आहेत की सवय लवकर होते. आकडा आणि अक्षर जुळले नाहीत तर मी आकडा दुरुस्त करत नाही, दोन्ही जसेच्या तसे लिहून शेरा मारतो. मूळ दस्तातच विसंगती असू शकते आणि ती सोडवणं अनुवादकाचं काम नाही.

तारखा

तुमच्या तारखा उलटतात याचं कारण अंकांत नाही, संगणकाच्या प्रादेशिक मांडणीत आहे. आपल्याकडे आणि बंगालमध्ये दिवस आधी, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ০৩/০৪/২০১৯ चं `03/04/2019` झाल्यावर एक्सेल ती ४ मार्च वाचतं. पण `21/06/2019` मध्ये एकविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख न बनता मजकूरच राहते. म्हणून रकाना पूर्ण बिघडत नाही, अर्धवट बिघडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्यावर स्वतः केलेलं डावं-उजवं संरेखन काढून टाका. काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की समजा घोळ झाला आहे. डावीकडच्या मजकूर आहेत, म्हणजे शाबूत आहेत. उजवीकडे गेलेल्या, दिवस बाराच्या आतला असलेल्या, त्या उलटल्या आहेत. गंमत म्हणजे लोक डावीकडच्यांनाच बिघडलेल्या समजून त्या «दुरुस्त» करत बसतात.

उपाय असा की रूपांतर एक्सेलच्या बाहेर करायचं आणि अर्थाच्या रकान्यात तारीख `2019-04-03` या क्रमाने लिहायची: वर्ष, महिना, दिवस. या क्रमात दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही. फाइल एक्सेलमध्ये उघडताना थेट दोनदा क्लिक करू नका. `Data` मधून `From Text/CSV` घ्या, तिथे `Transform Data` दाबा आणि मूळ व वाचन या दोन्ही रकान्यांचा प्रकार `Text` करा. फाइल जतन करताना पायथनमध्ये `encoding='utf-8-sig'` द्या, नाहीतर मूळ रकान्यातल्या देवनागरी-बंगालीच्या जागी कचरा दिसण्याची शक्यता असते.

आता दस्तातच दिवस-महिन्याबद्दल शंका असेल तर? इथे जुन्या पद्धतीच्या दस्तांचा एक फायदा आहे. बंगाली दस्तात पुष्कळदा दोन तारखा असतात, «इं» लिहून इंग्रजी आणि «बां» किंवा «सन» लिहून बंगाली. समजा इंग्रजी तारीख ০৩/০৪/২০১৯ आहे आणि शेजारी चैत्र १४२५ लिहिलं आहे. बंगाली चैत्र साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. ३ एप्रिल त्यात बसते. ४ मार्च असती तर महिना फाल्गुन असता. प्रश्न मिटला. वर्षाचाही ताळा घेता येतो: बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंत ५९३ मिळवायचे आणि जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५९४. १४२५ च्या चैत्रात ५९४ मिळवले की २०१९.

पण हे ताळ्यापुरतंच वापरा. बंगाली तारखेवरून इंग्रजी दिवस स्वतः काढून अनुवादात लिहू नका. बांगलादेशात पहिला वैशाख कायम १४ एप्रिलला धरतात, पश्चिम बंगालमध्ये तो १४ किंवा १५ ला येतो, आणि दोन्हीकडे महिन्यांचे दिवसही सारखे नाहीत. दस्त कुठला आहे यावर एक-दोन दिवसांचा फरक पडतो आणि मुदतीच्या दाव्यात एक दिवसही पुरतो. मूळ दस्तात फक्त बंगाली तारीख असेल तर अनुवादात फक्त बंगाली तारीखच जाईल, अंकांचं रूप बदलून.

यंत्राला मात्र या तारखा वेगळ्या काढायला सांगावं लागतं. चौदाशेच्या घरातलं वर्ष दिसलं की ते थेट तारखेच्या रकान्यात जाऊ देऊ नका. पायथन १४२५ हे वर्ष बिनतक्रार स्वीकारतो, एक्सेल १९०० च्या आधीचं वर्ष तारीख मानत नाही, आणि दोन्ही प्रकारांत यादीचा क्रम बिघडतो. बंगाली दिवसाला प्रत्ययही चिकटलेला असतो, जसं आपण «पाचवी» म्हणतो तसं. पहिल्याला «ला», दुसऱ्या-तिसऱ्याला «रा», चौथ्याला «ठा», पुढे «इ», एकोणिसापासून «शे». नुसते अंक बदलले तर इंग्रजी अंकाला बंगाली शेपूट लटकलेलं राहतं. तेव्हा वाचनाच्या रकान्यात ते राहू द्या, अर्थाच्या रकान्यात काढा.

आपल्या बाजूलाही हीच गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत शके छापलेलं असतं. १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे श्रावण २४, शके १९४६. इथे १९४६ हे वर्ष यंत्राला अगदी खरं इसवी सन वाटतं. चौदाशे पंचवीस निदान डोळ्यांत खुपतं, १९४६ खुपत नाही. म्हणून «शके» हा शब्द आधी शोधा, त्याच्या पुढचा आकडा तारखेच्या वाचनातून वगळा, आणि मगच बाकीचं.

गट क्रमांक आणि क्षेत्र

सर्व्हे नंबर किंवा गट क्रमांकात हिस्सा तिरक्या रेघेने दाखवतात. `12/3` ची भारतीय मांडणीत १२ मार्च होते, `12/85` ची डिसेंबर १९८५ होते, आणि `148/2` तशीच राहते, कारण ती कुठल्याच बाजूने तारीख होत नाही. त्यामुळे पहिल्या पडद्यावर दिसलेल्या दहा ओळी ठीक असल्या तरी खाली काय झालं आहे ते सांगता येत नाही. एकदा तारीख झाली की मागे जाण्याचा रस्ताही नाही, कारण खान्यात आता एक अनुक्रमांक साठवलेला असतो. प्रकार पुन्हा मजकूर केला तर `45363` सारखं काहीतरी दिसेल. मूळ रकाना ठेवायचा तो यासाठी.

क्षेत्राचं प्रकरण मला याहून धोकादायक वाटतं. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. `०.४०` म्हणजे शून्य हेक्टर चाळीस आर. त्याची संख्या केली की `0.4` होते, गणित म्हणून अगदी बरोबर. पण अहवालात ते `०.४` असं परत छापलं की गावाकडचा माणूस चार आर वाचतो. चाळीस आरांच्या जागी चार. कुठेही लाल खूण नाही, बेरीजही जुळते. `१.२०.५०` सारखं तीन भागांचं क्षेत्र असेल तर दुसरा बिंदू काढून `1.2050` हेक्टर करता येतं, ते बरोबर आहे, पण प्रत्येक भाग दोन अंकी लिहिलेला असेल तरच. कोणी `१.५.०` लिहिलं असेल तर ते एक हेक्टर पाच आर आहे, म्हणजे `1.0500`. बिंदू काढून `1.50` केलंत तर पंचेचाळीस आर जमीन वाढली. म्हणून भाग वेगळे तोडा, प्रत्येकाला दोन अंकी करा, मग जोडा. छापताना दशांशाच्या जागा ठरवून द्या, प्रोग्रामवर सोडू नका.

बेरीज का जुळत नाही

याची कारणं बहुधा दोन. एक ओसीआरचं, ते वर आलं. दुसरं असं की एक्सेलचं `SUM` मजकुराचे खाने मुकाट्याने सोडून देतं. रकान्यात काही रकमा इंग्रजी झाल्या आणि काही देवनागरी-बंगालीतच राहिल्या, किंवा मागे `/-` आणि पुढे «रु.» चिकटून राहिलं, तर बेरीज कमी येते आणि चूक म्हणून काही दिसत नाही. शेजारच्या रकान्यात `=ISNUMBER(C2)` लिहून खाली ओढा, `FALSE` आलेले खाने तेवढेच गुन्हेगार. बंगाली दस्तात रकमेनंतर ৲ हे जुनं रुपयाचं चिन्ह किंवा बांगलादेशच्या कागदांत ৳ हे टाक्याचं चिन्ह येतं. ते अंक नाहीत, रूपांतरात बदलणार नाहीत, वेगळे काढावे लागतात. पण काढण्याआधी चलन दुसऱ्या रकान्यात नोंदवा. टाका हा शब्द पश्चिम बंगालमध्ये रुपयालाच वापरतात, त्यामुळे नुसत्या शब्दावरून देश ठरवू नका.

स्वल्पविराम काढताना सगळे एकदम काढा आणि छापताना लाख-कोटीच्या गटांनी नव्याने घाला. जुने स्वल्पविराम ठेवून नवी रक्कम बसवायचा प्रयत्न करू नका.

हिंदी कागद हाताशी येत असतील तर एक गोष्ट आधीच सांगतो. उत्तरेकडे संक्षेपाच्या चिन्हाऐवजी सर्रास देवनागरी शून्य टाइप करतात: «डॉ०», «उ०प्र०», «मु०». सरसकट रूपांतर केलं की «डॉ0» होतं. सरकारी पत्रांवर `उ0प्र0` असं छापलेलं तुम्ही पाहिलंही असेल. अक्षराला थेट चिकटलेलं एकटं शून्य रूपांतरातून वगळा, पण «रु०५००» सारख्या ठिकाणी माणसाची नजर लागतेच.

परत देवनागरीत जाताना

अहवाल देवनागरी अंकांत द्यायचा का, हे तो कोणाकडे जाणार यावर अवलंबून आहे. राज्य शासनाच्या मराठी पत्रव्यवहारात देवनागरी अंक चालतात आणि अपेक्षितही असतात. केंद्राच्या कार्यालयाकडे जाणारा हिंदी कागद असेल तर संविधानाच्या अनुच्छेद ३४३ प्रमाणे संघराज्याच्या कामकाजासाठी लिपी देवनागरी असली तरी अंक आंतरराष्ट्रीय रूपातलेच आहेत, म्हणजे 1, 2, 3. बँकेचं म्हणाल तर जिथे अर्ज द्यायचा त्या शाखेला विचारून घेतलेलं बरं.

देवनागरीत द्यायचा ठरला तरी सगळे आकडे बदलायचे नाहीत. पॅन, आयएफएससी, ईमेल, संकेतस्थळाचा पत्ता, वाहन क्रमांक, जिथे रोमन अक्षरं आणि अंक एकत्र आहेत, ते सगळं तसंच. कोणीतरी ते शोधचौकटीत चिकटवणार आहे आणि देवनागरी अंक तिथे सापडणार नाहीत. नियम म्हणून, ज्या शब्दात एकही रोमन अक्षर आहे त्याला हात लावू नका. निव्वळ अंकांचे पण ओळख म्हणून वापरले जाणारे क्रमांक वेगळे सांभाळा. शासन निर्णयाचा संकेतांक अठरा अंकी असतो. एक्सेल पंधरा अंकांपुढची अचूकता ठेवत नाही, तो संख्या म्हणून उघडला की शेवटचे तीन अंक शून्य होतात. मग ते देवनागरीत बदलले काय आणि इंग्रजीत ठेवले काय, निर्णय सापडायचा नाही. बँकेच्या लांब खाते क्रमांकांचंही तेच.

एक्सेलमधूनच छापायचं असेल तर अंक बदलूच नका, फक्त दिसणं बदला. खान्याच्या `Custom` स्वरूपात `[$-4000439]0` दिलं की साठवलेली संख्या इंग्रजीच राहते आणि दिसते देवनागरीत. बंगालीसाठी `[$-5000445]0`. बेरीज, क्रमवारी सगळं चालू राहतं. हे रकमांसाठी उत्तम. मात्र तो तक्ता कॉपी करून वर्डमध्ये चिकटवल्यावर अंक कुठल्या रूपात उतरले हे बघून घ्या.

वेबवर दाखवायचं असेल तर ब्राउझर भाषेवरून अंक स्वतः ठरवतो आणि तिथे गैरसमज होतो:

```javascript
new Intl.NumberFormat('mr-IN').format(475000)            // ४,७५,०००
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(475000)  // 4,75,000
```

मराठीसाठी देवनागरी हे तिथलं मूळ धोरण आहे, हिंदीसाठी इंग्रजी अंक. म्हणजे त्याच पानाची भाषा मराठीवरून हिंदी केली की अंक बदलतात. दाखवण्यापुरतं हे ठीक. पण अर्जाच्या चौकटीत दिसणारा `४,७५,०००` हाच मजकूर माहितीसाठ्यात जाऊ दिलात तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यावर `Number()` चालवेल आणि `NaN` मिळवेल. म्हणून अंकांचं रूप `nu` लिहून स्पष्ट सांगा आणि साठवताना दिसणारा मजकूर नव्हे तर मूळ संख्या साठवा.

पाठवण्याआधी

काम संपल्यावर मी उलट रूपांतर करून बघतो. वाचनाच्या रकान्यातले इंग्रजी अंक पुन्हा त्या दस्ताच्या मूळ लिपीत नेतो आणि मूळ रकान्याशी अक्षरशः जुळवतो. जुळलं नाही तर दोनच शक्यता: मूळ मिश्र लिपीत होतं, किंवा मध्ये कोणीतरी, बहुतेक वेळा एक्सेलनेच, वाचनाचा रकाना बदलला. सुरुवातीचं गळलेलं शून्य, तारीख झालेला गट क्रमांक, `0.4` झालेलं `0.40`, हे सगळं इथे पकडलं जातं. पकडलं जात नाही ते फक्त मूळ रकान्यातच चुकून आलेलं वाचन. त्याला अक्षरी रक्कम, महिन्याचं नाव आणि स्कॅनवरची नजर हाच इलाज.

तुमची आत्ताची फाइल दुरुस्त करत बसू नका. तारीख झालेले गट क्रमांक तिच्यातून खात्रीने परत मिळणार नाहीत. ओसीआरच्या मूळ मजकुराच्या फाइल ठेवल्या असतील तर त्यांच्यावर `tapas` चालवून नव्याने सुरुवात करा. ठेवल्या नसतील तर स्कॅनचं ओसीआर पुन्हा करा, आणि बंगाली दस्तांना ओसीआरमध्ये भाषा फक्त बंगाली निवडा. बंगाली-इंग्रजी अशी जोडी निवडली की ৪ चा 8 होण्याला तुम्हीच आमंत्रण देता.